बेरजेखालच्या ओळी

एकतीस वर्षे खरेदी शाखेत काढून जो कारकून निवृत्त होतो, त्याला निवृत्तिवेतनाबरोबर आणखी एक गोष्ट जन्मभर पुरते. ती म्हणजे आपल्याला आपले काम येते ही समजूत. निवृत्तिवेतनासाठी दर वर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. या समजुतीला तसले काही लागत नाही. माझी समजूत गेल्या चैत्रापर्यंत अगदी सुखरूप होती. तिला धक्का बसला तो धारूरहून आलेल्या दोन फोटोंमुळे.

माझी धाकटी बहीण धारूरला दिलेली. बालाघाटाच्या डोंगरावरचे, जुन्या किल्ल्याचे आणि सीताफळांचे हे गाव. तिचा मुलगा तिथल्या एका लहानशा पतसंस्थेचा सचिव आहे. संस्थेने एका जुन्या दगडी वाड्याचा वरचा मजला भाड्याने घेतला आणि तिथे कचेरी थाटायचे ठरवले. चार टेबले, बारा खुर्च्या आणि तीन लोखंडी कपाटे, एवढाच काय तो संसार. दोन ठिकाणांहून दरपत्रके आली आणि भाच्याने त्यांचे फोटो काढून माझ्या फोनवर धाडले. खाली लिहिले, "मामा, बघून सांगा. उद्या कमिटीची बैठक आहे."

पहिला फोटो छत्रपती संभाजीनगरच्या एका मोठ्या दुकानाच्या दरपत्रकाचा होता. रंगीत शीर्षक, छापील इंग्रजी मजकूर, चौकटीत आखलेले आकडे. टेबल अकरा हजारांना, खुर्ची साडेतीन हजारांना, कपाट सोळा हजारांना. एकूण १,३४,००० रुपये. दुसरा फोटो अंबाजोगाईच्या एका दुकानदाराचा. पावती पुस्तकातले पान, निळ्या शाईतले मराठी हस्ताक्षर, आणि एका कोपऱ्यात भाच्याचा अंगठा. एकूण १,६८,००० रुपये.

मी चष्मा पुसला, दोन्ही बेरजा पाहिल्या आणि पाच मिनिटांत फोन लावला. "अरे, यात विचारायचे काय? चौतीस हजारांचा फरक आहे. पहिले घ्या, डोळे झाकून घ्या."

"मामा, आमच्या मनात दुसरं होतं," तो जरा चाचरत म्हणाला.

"का बरे?"

"माणूस माहितीतला आहे. अंबाजोगाईला कॉलेजात माझ्याच वर्गात होता."

झाले! माझ्यातला खरेदी शाखेचा कारकून खडबडून जागा झाला. मी त्याला सुनावले की पतसंस्थेचा पैसा म्हणजे वर्गमित्राला द्यायचा अहेर नव्हे. बीड जिल्ह्यात अलीकडच्या काही वर्षांत ठेवीदारांचे जे हाल झाले, ते त्याला पुण्यात बसून मी सांगायला नको होते. पोरीच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे काढायला गेलेल्या माणसाला बंद दार पाहावे लागले, त्या जिल्ह्यात सचिवाची खुर्ची कुठल्या दुकानातून आली हेसुद्धा लोक पाहणारच. मी बरेच बोललो. तो सगळे ऐकून शेवटी एवढेच म्हणाला, "बरं मामा." आणि फोन ठेवला.

त्या 'बरं'मध्ये काही तरी मोडल्याचा आवाज होता. पण मी तो ऐकला नाही. मी कर्तव्य बजावल्याच्या आनंदात होतो.

सौ. पलीकडे बसून गहू निवडत होती. निवडतानिवडता तिने माझा फोन ओढून घेतला, दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि विचारले, "अहो, या बेरजेच्या डोक्यावर ही चांदणी कसली?"

"छपाईची असेल काही तरी."

"छपाईची कशाने? साड्यांच्या जाहिरातीत 'पन्नास टक्के सूट' यावर अशीच चांदणी असते, आणि तिची जोडीदारीण तळाशी बारीक अक्षरांत बसलेली असते. इथली कुठे आहे?"

मी पाहिले. जोडीदारीण नव्हती, कारण फोटोत कागदाचा तळच नव्हता. वरचे दोन कोपरे व्यवस्थित दिसत होते, मागचे टेबलही दिसत होते, पण बेरजेच्या ओळीखाली अर्ध्या बोटावर फोटो संपला होता. भाच्याने आकडे आले एवढे पाहिले आणि बटन दाबले. आणि मीही आकडे आले एवढेच पाहिले. कचेरीत कुणी अर्धे फाडलेले दरपत्रक माझ्यापुढे ठेवले असते, तर मी ते फायलीला लावू दिले नसते. फोटोत मात्र अर्धा कागद पुरा वाटतो, कारण तो फाटलेला दिसत नाही.

मी पुन्हा फोन केला. सूर अर्थातच उतरलेला होता. म्हटले, दोन्ही कागद सपाट ठेव, चारही कोपरे येतील असा फोटो काढ, कागद उलटून मागचाही काढ. आणि फोटो म्हणून पाठवू नकोस, डॉक्युमेंट म्हणून पाठव. हे शेवटचे मला नातवाने शिकवले होते. फोटो म्हणून धाडले की व्हॉट्सअ‍ॅप त्याला आवळते आणि बारीक अक्षरे विरघळतात. ती खबरदारी किती मोलाची होती ते लगेच कळले. कारण नवे फोटो येण्याआधी भाच्याने घाईने धाडलेल्या एका फोटोत तळाची पहिली ओळ दिसत होती, 'पॅकिंग व फॉरवर्डिंग' अमुक टक्के जादा. पण तो इंग्रजी तीन आहे की आठ, हे काही केल्या लागेना. एक लाख चौतीस हजारांवर तीन टक्के म्हणजे चार हजार वीस आणि आठ टक्के म्हणजे दहा हजार सातशे वीस. न दिसणाऱ्या दोन वळशांची किंमत करासह जवळजवळ आठ हजार! स्वच्छ फोटोत तो तीन निघाला. अशा वेळी अंदाज करू नये. दुकानात फोन करून विचारावे आणि उत्तर लेखी मागावे.

आता तळाच्या ओळी एकेक उलगडू लागल्या. पॅकिंग तीन टक्के वेगळे. बसवणूक वेगळी, टेबलाला सहाशे आणि खुर्चीला दीडशे. जीएसटी वेगळा. दर गोदामातून उचलण्याचे. वाहतूक आणि उतरवणूक ग्राहकाकडे. सर्व रक्कम ऑर्डरबरोबर आगाऊ. माल आगाऊ रक्कम मिळाल्यापासून चार ते सहा आठवड्यांत. दर पंधरा दिवसांपुरते. आणि मागच्या पानावर, जिथे कुणी पाहणार नाही अशा ठिकाणी, गोदामातून निघाल्यावर होणाऱ्या मोडतोडीची जबाबदारी ग्राहकाची.

मी जुनी सवय म्हणून कागदावर तुलनात्मक तक्ता आखला. माल एक लाख चौतीस हजार. पॅकिंगचे चार हजार वीस. बसवणुकीचे चार हजार दोनशे. इथवर बेरीज १,४२,२२०. आता अठरा टक्के जीएसटी. इथे पुष्कळ माणसे चुकतात. ती फक्त मालावर कर लावतात. विकणारा पॅकिंग आणि बसवणूक आपल्याच बिलात लावतो, तेव्हा तेही किमतीत धरले जाते आणि कर एकूण रकमेवर बसतो. तो झाला २५,६००. बेरीज १,६७,८२०. म्हणजे टेम्पो अजून गोदामाच्या दारात उभा आहे, आणि तेवढ्यातच आपण अंबाजोगाईच्या आकड्याला जवळजवळ गाठले. भाच्याने टेम्पोवाल्याला विचारले, त्याने साडेनऊ हजार सांगितले. उतरवून जिन्याने वर न्यायला हमाल दीड हजार मागत होते. एकूण १,७८,८२०. चांदणीखाली जवळजवळ पंचेचाळीस हजार रुपये लपले होते.

संस्था हा कर कुठे वळता करून घेईल का, हाही प्रश्न विचारावा लागतो. व्यापाऱ्याला पुष्कळदा खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळते आणि मग त्याच्या दृष्टीने तो खर्चच नसतो. पण पतसंस्थेचे उत्पन्न मुख्यतः कर्जावरच्या व्याजाचे, आणि व्याजावर जीएसटी नाही. तेव्हा तिने भरलेला कर गेला तो गेलाच. तो किमतीत धरलाच पाहिजे.

'गोदामातून' या शब्दाने मला जुन्या दिवसांची आठवण झाली. आमच्या फायलींत 'एफ. ओ. आर.' अशी तीन अक्षरे असत. तिचा मूळ अर्थ, माल रेल्वेत चढेपर्यंतचा खर्च विकणाऱ्याचा. पुढे तिच्यापुढे गावाचे नाव लावले की त्या गावापर्यंतचा खर्च त्याचा, असे समजत. धारूरला तर रेल्वे नाही. बीडला पहिली गाडी आली तीच मुळी १७ सप्टेंबर २०२५ रोजी. पण रेल्वे असो नसो, प्रश्न तोच आहे: विकणाऱ्याची जबाबदारी कुठल्या उंबरठ्याशी संपते? त्याच्या की आपल्या? आपण काही ठरवले नाही तर कायदा आपल्या बाजूने धावून येतो असेही नाही. १९३० चा माल विक्रीचा कायदा सांगतो की खरेदीदाराकडे पाठवण्यासाठी माल वाहतूकदाराच्या हाती दिला, म्हणजे प्रथमदर्शनी तो खरेदीदाराला पोचला असे धरावे. आणि धारूरला तेलगावच्या बाजूने येणारा माल घाट चढून येतो. त्या घाटातली अरुंद वळणे आणि अडकून पडलेले मालट्रक ज्याने पाहिले आहेत, तो काचेच्या दाराचे कपाट 'गोदामातून' या अटीवर घेणार नाही.

एव्हाना मला अंबाजोगाईच्या निळ्या शाईबद्दल प्रेम वाटू लागले होते. त्या कागदाच्या तळाशी एकच ओळ होती: 'सर्व करांसह, धारूर पोच, वरच्या मजल्यावर लावून.' पैसे तीस टक्के ऑर्डरबरोबर, साठ टक्के माल पोचल्यावर, दहा टक्के महिन्याने. मी भाच्याला म्हणणारच होतो की घेऊन टाक. पण एका दिवसात दोनदा डोळे झाकायची माझी तयारी नव्हती. मी तो कागद पुन्हा वाचला आणि लक्षात आले की याचे दोष बारीक अक्षरांत नाहीत. याचे दोष लिहिलेलेच नाहीत. शहरवाल्याने निदान लपवून का होईना, लिहिले होते. इथे 'लोखंडी कपाट, मोठे' एवढेच. पत्रा किती जाडीचा? आत लॉकर आहे का? माल कधी मिळणार, तर 'लवकरात लवकर'. आणि 'सर्व करांसह' म्हणतोस खरा, पण तुझा जीएसटी नंबर कागदावर कुठे आहे?

पत्र्याची गोष्ट थोडी सांगतो, कारण ती घरच्या कपाटालाही लागू आहे. पत्र्याची जाडी गेजमध्ये सांगतात आणि तिचा हिशेब उलटा असतो. आकडा मोठा तितका पत्रा पातळ. वीस गेजचा पत्रा सुमारे ०.९ मिलिमीटर जाड, बावीस गेजचा सुमारे ०.७. रंग दिल्यावर दोन्ही सारखीच दिसतात. दार उघडून मधोमध तळहाताने दाबले की पातळ पत्रा आत जातो आणि डब्याचे झाकण वाजावे तसा वाजतो. वह्यांनी आणि दस्तांनी भरल्यावर पातळ कपाटाच्या फळ्या वर्षभरात पोटाशी वाकतात. शहरवाल्याच्या कागदावर 'वीस गेज, लॉकरसह' असे छापले होते. अंबाजोगाईवाल्याला विचारले, तेव्हा त्याने सरळ सांगितले, "मी बावीसचा भाव लावलाय. लॉकरही धरलेला नाही." म्हणजे आम्ही इतका वेळ दोन वेगळ्या वस्तूंची तुलना करत होतो! वीस गेज आणि लॉकर यांचे कपाटामागे एकोणीसशे रुपये त्याने वाढवले. तीन कपाटांचे पाच हजार सातशे. त्याचा आकडा झाला १,७३,७००.

मग आम्ही एक साधे काम केले, जे खरे तर पहिल्याच दिवशी करायला हवे होते. एकाच मजकुराचे पत्र दोघांनाही धाडले. त्यात मालाचे वर्णन आमचे होते, दुकानदाराचे नव्हे. करासह, धारूरला वरच्या मजल्यावर बसवून एकूण किती, किती दिवसांत, पैसे कसे, मोडतोड कुणाची आणि बिल कर नंबरासह मिळेल ना, एवढे प्रश्न. एकाचा भाव दुसऱ्याला सांगितला नाही. शहरवाल्यांनी आगाऊ रक्कम निम्म्यावर आणली, उरलेली निम्मी माल निघण्यापूर्वी. बाकी अटी होत्या तशाच ठेवल्या. अंबाजोगाईवाल्याने एकवीस दिवसांची मुदत लेखी दिली, कर नंबर दिला आणि उशीर झाल्यास आठवड्याला अर्धा टक्का कापून घ्यायला मान्यता दिली. ही सरकारी खरेदीतली जुनी चाल मीच सुचवली होती. मला तेवढाच मान राहिला होता. शिवाय तो स्वतः धारूरला येऊन टेपने जिना मोजून गेला. साडेसहा फूट उंचीचे कपाट जुन्या वाड्याच्या जिन्यात वळते की नाही, हा प्रश्न ना कुठल्या दरपत्रकात होता ना माझ्या डोक्यात. ते वळत नव्हते. त्याने वरचा आणि खालचा भाग सुटा करून आणायचे कबूल केले, त्याच किमतीत.

तर चौतीस हजारांचा फरक नाहीसा झाला होता आणि पारडे पाच हजार एकशे वीस रुपयांनी दुसरीकडे झुकले होते. पण खरा फरक त्या पाच हजारांचा नव्हताच. तो पैसे देण्याच्या अटीत होता. पुण्यातल्या माझ्या एका शेजाऱ्याने मांडणीसाठी सगळे पैसे आगाऊ भरले होते. माल आला, पण खरवडलेला आला, आणि तक्रारीच्या फोनला जे उत्तर मिळायचे ते हळूहळू मिळेनासे झाले. पैसे ज्याच्या हाती, त्याचा फोन दुसरा उचलतो, हा व्यवहार आहे. शहरवाल्यांच्या सुधारलेल्या अटीतही माल डोळ्यांनी पाहण्यापूर्वी सगळी रक्कम गेलेली असणार. अंबाजोगाईवाल्याच्या अटीत शेवटचे १७,३७० रुपये महिनाभर संस्थेपाशी राहणार होते.

बैठकीच्या आधी मी भाच्याला फोन केला. काय बोलायचे ते मनात जुळवले होते, पण वाक्य जुळेना. शेवटी म्हटले, "अरे, परवा मी तुला जे बोललो ते चुकीचे बोललो. दरपत्रकाबद्दल नव्हे, तुझ्याबद्दल."

पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग तो म्हणाला, "मामा, मला आकड्याचं काही वाटलं नव्हतं. तो माणूस मोजमापाशिवाय काम करत नाही, हे मला ठाऊक होतं. पण ते कागदावर कसं दाखवायचं ते ठाऊक नव्हतं. म्हणून तुम्हाला फोटो धाडले."

मी ओशाळलो. त्याला माझा निर्णय नको होता, तक्ता हवा होता. ओळख असणे हा गुन्हा नाही. ओळखीखेरीज दुसरे कारण दाखवता न येणे हा गुन्हा. त्याने कमिटीपुढे वर्गमित्र असल्याचे आधी सांगितले, इतिवृत्तात तसे लिहून घेतले, त्या ठरावावर आपण मत दिले नाही हेही लिहिले, आणि दोन्ही दरपत्रके, दोन्ही उत्तरे व तक्ता फायलीला लावला.

माल अठराव्या दिवशी आला. एका कपाटाच्या दारावर हातभर ओरखडा निघाला. भाच्याने पोचपावतीवर तसे लिहून सही केली आणि त्याचा फोटो काढला; या वेळी चारही कोपऱ्यांसह. आठ दिवसांत माणूस येऊन दार नव्याने रंगवून गेला. वर्गमित्र म्हणून आला की सतरा हजारांसाठी आला, ते मी विचारले नाही. दोन्हींसाठी आला असावा.

सप्टेंबरात संस्थेची वार्षिक सभा झाली. अपेक्षेप्रमाणे एक वयस्क सभासद उठले. त्यांच्या फोनवर पहिला फोटो होता, तोच, तळ नसलेला. तो गावभर फिरला होता. "एक लाख चौतीस हजाराचं सामान पावणेदोन लाखाला कसं घेतलं?" त्यांनी विचारले. सभा गप्प झाली. भाच्याने काही न बोलता त्यांच्या हाती तक्त्याची प्रत दिली. त्यांनी चष्मा लावला आणि बोट ठेवून ओळ न् ओळ वाचली. मग कागद घडी करून खिशात ठेवत ते म्हणाले, "हिशेब बराबर आहे. पण बारा खुर्च्या कशाला? कमिटी सात जणांची!" त्यावर मात्र भाच्यापाशी तक्ता नव्हता. सभा हसली, आणि ठेवीदारांच्या सभेत हसू ऐकू येणे ही त्या भागात सध्या थोडकी गोष्ट नाही.

दिवाळीच्या आधी भाचा सीताफळांची करंडी घेऊन पुण्याला आला. मी हरखून म्हटले, "अरे, एवढे कशाला आणलेस?" सौ. आतून बाहेर आली, करंडीभोवती एक फेरी मारली, वरचे पान उचलून खालचा थर पाहिला आणि मग गंभीरपणे विचारले, "हे घरपोच ना? की करंडी परत पाठवायचा खर्च आमच्याकडे?"